पळसदरीतला बर्फ आणि एकेचाळीस प्लगिन

पळसदरीत बर्फ पडतोय आणि काही केल्या थांबत नाहीये, अशी तक्रार मला गणपती गेल्यावर चार दिवसांनी फोनवर आली. बोलणारा होता पळसदरीच्या काकूंचा मुलगा. तो खालापूरकडच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि एरवी मोजकंच बोलतो. मी म्हटलं, "कुठे पडतोय रे?" तर म्हणाला, "वेबसाइटवर, ताई. खोल्यांचे फोटो दिसतच नाय, नुसता बर्फ पडतो. तुमीच बनवलेली हाय ना ती?"

बनवलेली मीच होती. कर्जतच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत बसून मी दवाखाने, केटरर, शेतघरं अशा लोकांच्या वेबसाइट बनवते. काकूंची साइट हे माझं पहिलं मोठं काम होतं, सात वर्षांपूर्वीचं. पळसदरी स्टेशनपासून पायी वीस मिनिटांवर त्यांचं घर, पुढे भातशेती, मागे डोंगर. घरातल्या चार खोल्यांत शनिवार-रविवारी पाहुणे उतरतात आणि काकूंच्या हातचं जेवून जातात. ती साइट मी नव्या गिऱ्हाइकांना अजून नमुना म्हणून दाखवत असे. दाखवायची म्हणजे फोटो दाखवायचा. उघडून पाहिली नव्हती कित्येक महिन्यांत, हे आता कबूल करायला हरकत नाही.

फोनवरच मुलाने पुढचं सांगितलं. पाहुणे कमी झाले होते. दोघा-तिघा जुन्या लोकांनी सांगितलं की साइट उघडायला इतका वेळ लागतो की शेवटी दुसरीकडे बुक केलं. त्यातच घर चालवायला घेणारी एक कंपनी दोनदा येऊन गेली होती. त्यांचा बोर्ड लागणार, त्यांचा आचारी येणार, काकूंनी मागच्या दोन खोल्यांत राहायचं. दिवाळीच्या सुट्टीत चारही खोल्या भरल्या तर ठीक, नाहीतर मुलगा सही करणार होता. "आय म्हणते मी सयपाकघर सोडणार नाय. पण पाहुणेच नसतील तर सयपाक करायचा कुणासाठी?" तो म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून मी पळसदरीला गेले. पडवीत बसले, काकूंच्याच फोनवर साइट उघडली आणि घड्याळ लावलं. बावीस सेकंद. मध्ये काकूंनी चहा आणून ठेवला, मी एक घोट घेतला, तरी पडदा पांढराच. मग एकदम खोलीचा अर्धा फोटो आला, त्यावर बर्फ पडायला लागला, कोपऱ्यात "मी आपली काय मदत करू?" असं विचारणारा एक गोल चेहरा उगवला, आणि खाली एक पट्टी पळसदरीच्या किमती येनमध्ये सांगायला लागली. मी कपाळाला हात लावला.

"काकू, हे कुणी केलं?"

"हे म्हंजे कुठलं गं?" काकूंनी शांतपणे विचारलं, आणि आत जाऊन एक वही आणली.

ती वही मी जन्मात विसरणार नाही. शंभर पानी, वर हळदीचा डाग. त्यात काकूंनी ओळीने लिहून ठेवलं होतं की कुठल्या पाहुण्यांनी साइटला काय दिलं. झालं होतं असं की काकूंकडे येणारे निम्मे पाहुणे मुंबई-पुण्याचे कॉम्प्युटरवाले. रविवारी दुपारी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि वर ताक असं जेवण झालं की माणूस सुस्तावतो आणि उपकार फेडायची त्याला घाई होते. मग तो म्हणतो, काकू, तुमची साइट मी जरा बघू का? काकू म्हणतात बघा की. आणि तो जाता जाता एक प्लगिन बसवून जातो. प्लगिन म्हणजे साइटला मागाहून जोडायचा लहानसा प्रोग्राम. फॉर्मसाठी एक, फोटोंसाठी एक, असे हवे तेवढे जोडता येतात. हवे तेवढे जोडता येतात, तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

मी डॅशबोर्ड उघडला. एकेचाळीस प्लगिन चालू. त्याहून वाईट म्हणजे अॅडमिन तेवीस. प्रत्येक पाहुण्याला काकूंनी साइटच्या तिजोरीची किल्लीच काढून दिली होती. मी चिडले. मला पटकन राग येतो, आणि कामाच्या बाबतीत तर नाकावरच असतो. "काकू, तुम्ही घराची चावी अशी कुणालाही द्याल का?" म्हटलं.

"देते की," काकू म्हणाल्या. "पाहुणं असल्यावर चावी नाय द्यायची तर काय खिडकीतून आत सोडायचं?"

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून हसत होता. त्याने त्या दिवशी मुद्दाम रजा टाकली होती. मला वाटतं, मी किती पाण्यात आहे ते बघायला.

आधी मी सगळ्या साइटचा बॅकअप घेतला आणि लॅपटॉपवर तिची एक वेगळी प्रत उभी केली. जे काही मोडायचं ते त्या प्रतीवर मोडायचं, खरी साइट तशीच चालू ठेवायची. मग एकेक प्लगिन बंद करून बघायला सुरुवात केली. नियम मी घालून दिला: जे काय काम करतं ते सांगता येईल तेच राहील, बाकी जाईल. काकूंनी मान हलवली खरी, पण पहिल्याच प्लगिनला आमचं अडलं.

"हा बर्फ," मी म्हटलं. "हा काय काम करतो?"

"तो दादरच्या जोडप्यानं घातलाय. नाताळात आलेली. लेकरू लहान हुतं त्यांचं, लय खूष झालं बघून."

"कधीचं नाताळ?"

काकूंनी वही चाळली. बर्फ पाच वर्षं पडत होता. त्या माणसाला जाताना तो बंद करायची आठवण राहिली नाही आणि काकूंना वाटलं होतं की थंडी गेली की आपोआप थांबेल. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण मुलाने सोडलंच, आणि मग काकूही हसल्या. बर्फ गेला.

त्यानंतर मात्र काकू अडून बसल्या. माउसच्या मागे फुलं उडवणारा प्लगिन पुण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या जावयाने दिला होता. किमती परदेशी चलनात सांगणारा एका मुलाने, तो जपानला नोकरीला निघाला होता आणि तिकडचे लोक आणतो म्हणाला होता. सुरक्षेचे प्लगिन तीन होते, तीन वेगळ्या पाहुण्यांचे. प्रत्येकाने आधीच्याचं न बघता आपलं कुलूप लावलं होतं. वेग वाढवणारेही तीन. त्या तिघांची आपसात अशी जुंपली होती की एकाचंही काम धड होत नव्हतं. हे मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी मनापासून दिल्यालं हाय गं. पाहुण्यानं दिल्यालं उचलून टाकायचं, हे माझ्याच्यानं नाय व्हायचं."

मी आत भिंतीवरच्या फळीकडे बघितलं. तिथे पाहुण्यांनी दिलेल्या वस्तू होत्या: दिव्याचा कंदील, शिंपल्यांची होडी, कुणाच्या तरी लग्नाचं नाव कोरलेले सहा पेले, बंद पडलेलं घड्याळ. एकावरही धूळ नव्हती. ही बाई घड्याळ बंद पडलं म्हणून टाकत नाही, ती प्लगिन कशी टाकणार, असं मला वाटलं आणि माझा निम्मा राग तिथेच उतरला.

"काकू, असं करू," मी म्हटलं. "माणसांना घरातून घालवायचं नाही. फक्त कपाटाच्या किल्ल्या परत घ्यायच्या." साइट ज्यावर उभी केलेली आहे त्या वर्डप्रेसमध्ये तशी सोय असतेच. एकवीस पाहुण्यांची खाती तशीच ठेवली, पण अॅडमिनऐवजी साधे वर्गणीदार केले. आत येता येईल, स्वतःचं नाव बघता येईल, कशाला हात लावता येणार नाही. अॅडमिन राहिले दोन, काकू आणि मी. हे काकूंना पटलं. "हे बरं हाय. पाहुणं राहिलं आणि चूल पण आपली," त्या म्हणाल्या. प्लगिनसाठी ठरलं की वहीतली नोंद खोडायची नाही, वस्तू मात्र काढायची. त्या नोंदींचं पुढे बघू, असं मी घाईघाईत कबूल करून टाकलं.

दुपारपर्यंत मी झपाटल्यासारखी साफसफाई केली. हवामान सांगणाऱ्या एका प्लगिनपाशी तर मी जोरात टाळीच वाजवली. तो ज्या सर्व्हरकडून पाऊस-पाणी विचारून घ्यायचा, तो सर्व्हर कधीच बंद पडला होता. तरी हा गडी दर वेळी पान उघडताना तिथे जाऊन हाक मारायचा, पाच सेकंद उत्तराची वाट बघायचा आणि मग हात हलवत परत यायचा. तोवर बाकी सगळं पान रांगेत उभं. एकेचाळीसचे सहा प्लगिन राहिले: फॉर्मचा एक, बॅकअपचा एक, सुरक्षेचा एक, वेगाचा एक, फोटो लहान करणारा एक आणि गुगलला माहिती देणारा एक. "आता बघा," मी ऐटीत म्हटलं. ती प्रत मी एका चाचणीच्या पत्त्यावर चढवली आणि काकूंच्या फोनवर उघडली.

अकरा सेकंद.

मुलाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बावीसचे अकरा झाले, ताई. चांगलंय," तो म्हणाला. अकरा सेकंदांत गिऱ्हाईक दुसऱ्या शेतघराचं दार उघडून आत जाऊन बसतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी पुन्हा मोजायला बसले. या वेळी पान उघडताना काय काय येतं त्याची यादी काढली, कुठली फाइल किती जड ते एकेक करून बघितलं. पहिल्या दहांतल्या नऊ फायली थीमच्या आणि तिच्यात सरकणाऱ्या फोटोंच्या होत्या. थीम म्हणजे साइटचा सगळा पेहराव. ती कुणा पाहुण्याने दिलेली नव्हती. ती मी आणली होती, सात वर्षांपूर्वी, दुकानात साडी निवडावी तशी नमुना बघून भाळून. त्या एका थीममध्ये दवाखाना होता, व्यायामशाळा होती, लग्नाचा हॉल होता, कपड्यांचं दुकान होतं. काकूंच्या चार खोल्यांसाठी ते सगळं सामान दर वेळी लोकांच्या फोनवर उतरत होतं. तिच्यासोबत आलेला पानं रचायचा मोठा प्रोग्राम, दोन प्रकारचे सरकते फोटो, सतरा तऱ्हेची अक्षरं. आणि सरकणारे ते पाच फोटो मी स्वतः चढवले होते, मोठ्या कॅमेऱ्यातून काढलेले, लहान न करता जसेच्या तसे. खालच्या भाताची लोंबी न् लोंबी मोजता येईल इतके स्पष्ट. फोनच्या पडद्यावर ते हाताच्या पंज्याएवढे दिसायचे.

सकाळपासून मी पाहुण्यांची टर उडवत होते. बर्फवाल्याची, फुलंवाल्याची, जपानवाल्याची. आणि त्या सगळ्यांनी मिळून केलेल्या ओझ्याला तोडीस तोड ओझं मी एकटीने घातलं होतं, वर कौतुकाने मिरवलंही होतं. मला लाज वाटली. नुसतं वाईट वाटणं नव्हे, कान गरम होतात तसली लाज. गुपचूप थीम बदलावी आणि प्लगिनचीच चूक होती म्हणावं, असा विचार मनात येऊन गेला, हेही लिहून टाकते.

काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि म्हटलं, "काकू, सगळ्यात जड वस्तू माझीच आहे."

काय ते समजावून सांगितलं. काकूंनी सुपातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं."

"म्हणजे?"

"दोन वर्सांमागं एक पोरगा आल्ता. तो म्हणाला थीम बदलून देतो, ही लय जड हाय. मी म्हटलं नको. ती आमच्या कर्जतच्या पोरीनं दिल्याली हाय, पहिल्या दिसाची. तिला काय वाटंल?"

मला रडू फुटलं. आनंदाचं का दुःखाचं ते मला आजही सांगता येणार नाही. दोन वर्षं या बाईने माझ्याखातर पाहुणे गमावले होते आणि मी त्या साइटचा फोटो लोकांना दाखवत फिरत होते. "काकू, मला काही वाटणार नाही," मी म्हटलं. "टाका ती." काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "तूच टाक. आणि आधी जेव."

टाकणं मात्र सोपं नव्हतं. वर्डप्रेसबरोबर येते ती साधी हलकी थीम मी त्या प्रतीवर लावली आणि पेहरावासोबत तो रचनेचा प्रोग्रामही काढला. चौदाच्या चौदा पानांवर चौकोनी कंसांचं रान माजलं. तो प्रोग्राम गेला की त्याने लिहिलेल्या खुणा तशाच उघड्या पडतात, आणि मजकूर त्यांच्यात सापडत नाही. हे मला माहीत होतं. म्हणूनच इतकी वर्षं मी त्या थीमला हात लावायचं टाळत आले होते. इलाज एकच, सगळी पानं पुन्हा हाताने लिहायची.

पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी पळसदरीला गेले. काकू सांगायच्या, मी टाइप करायची. जुन्या पानावर मी लिहिलं होतं, "निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय अनुभव." काकूंनी विचारलं, म्हणजे काय गं? मलाही सांगता येईना. मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: "सकाळी सातला चहा. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, घाई असेल तर आधी सांगा. मांसाहार रविवारी, सोमवारी नाही. स्टेशनवरून फोन केला तर रिक्षा पाठवतो. शेतात चिखल असतो, चांगले बूट आणू नका." पाच ओळींत पान झालं. फोटो फक्त आठ ठेवले, लहान करून. सरकतं काहीच नाही. कशेळ्याच्या वरच्या पाड्यावरून ज्या मावशी भाताच्या कापणीला येतात, त्या एकदा पाणी प्यायला थांबल्या आणि पडद्यावरचा फोटो बघून म्हणाल्या, हे तर खरं घर दिसतंय. आधी हॉटेल वाटायचं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

नवव्या दिवशी नवी साइट खरी साइट म्हणून लावली. परीक्षा कुठे घ्यायची ते काकूंनी ठरवलं: स्वयंपाकघरात, चुलीपाशी. त्या जागी नेटवर्कची एकच दांडी येते आणि तीही भिंतीकडे तोंड केलं तर. "हितं उघडली तर कुठंबी उघडंल," त्या म्हणाल्या. मुलाने खालापूरहून कारखान्याच्या कँटीनमधून फोन लावून ठेवला होता, तोही तिकडे उघडणार होता. काकूंनी पिठाचा हात पदराला पुसून बोट टेकवलं. मी घड्याळ लावलं, पण बघायची गरज पडली नाही. "आलं की!" काकू ओरडल्या. तिकडून फोनमध्ये मुलगा म्हणाला, "ताई, माझ्याकडं आधी आलं." आणि मग मायलेकरांचं कुणाकडे आधी आलं यावर भांडण सुरू झालं. दोन सेकंदांच्या आतलंच भांडण होतं ते.

दसऱ्याच्या आधल्या दिवशी दिवाळीसाठी तीन खोल्या बुक झाल्या. चौथी अडून बसली. दोन आठवडे रिकामी. मी रोज सकाळी फॉर्मची पेटी उघडून बघायची आणि काकूंना फोन करायची, काकू म्हणायच्या, येतील गं. धनत्रयोदशीला पाच दिवस उरले असताना चौथ्या खोलीचा फॉर्म आला. खाली लिहिलं होतं, "काकू, पाच वर्षांपूर्वी आलो होतो. मध्ये खूपदा साइट उघडायचा प्रयत्न केला, उघडली नाही, वाटलं तुम्ही बंद केलंत. मुलगा आता दुसरीत आहे. तो विचारतोय, तिथे अजून बर्फ पडतो का?"

मी वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी वही काढून दादरच्या जोडप्याच्या ओळीवर बोट ठेवलं. काकूंच्या मुलाने त्याच संध्याकाळी कंपनीला नाही म्हणून कळवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी फराळाला गेले, तर ते दुसरीतलं पोरगं काकूंच्या चुलीपाशी बसून भाकरी फुगताना बघत होतं. बर्फाबद्दल त्याने एकदाच विचारलं आणि मग विसरून गेलं.

फराळ झाल्यावर काकूंनी ती वही पुढे केली. "तू म्हणाली हुतीस, नोंदीचं पुढं बघू. आता बघ." त्यांना साइटवर एक पान हवं होतं, पाहुण्यांनी काय काय दिलं ते सांगणारं. नुसता मजकूर, एकही प्लगिन नको, असं त्यांनीच बजावलं. मी पडवीत बसून टाइप केलं, त्या सांगत गेल्या: दादरच्या जोडप्याने बर्फ दिला, पुण्याच्या जावयाने फुलं दिली, जपानच्या मुलाने किमती दिल्या, कुणी हवामान दिलं. एकूण पस्तीस ओळी झाल्या. पान क्षणात उघडतं, मी तपासलं आहे.

शेवटी मी विचारलं, "झालं?" काकू म्हणाल्या, "एक राहिली. सगळ्यात वर घाल." आणि त्यांनी ती ओळ सांगितली, मी ती जशीच्या तशी घातली: "ही साइट पहिल्यांदा कर्जतच्या पोरीनं उभी केली, आणि जड झाली तेव्हा तिनंच सांगितलं."